जुन्या वहीतला मण किलोत करताना उत्तर तिप्पट येत असेल तर

मागच्या महिन्यात एक मैत्रीण पणजोबांची वही घेऊन आली. शके १८०३, म्हणजे इसवी सन १८८१-८२. जळगावची रुई मुंबईला पाठवायची आणि तिथल्या आडत्यामार्फत विकायची, असा त्या घराचा धंदा होता. ती मोडी शिकली आहे, वही तिची तिनेच वाचली होती. अडली होती ती फक्त वजनापाशी, आणि तिथे मात्र चांगलीच अस्वस्थ झाली होती. सात गाठी रेल्वेने रवाना झाल्या तेव्हा रवानगीच्या पानावर वजन होतं ३२ मण २० शेर. त्याच सात गाठींची मुंबईची विक्रीपट्टी पुढच्या पानावर, तिथे वजन ३ खंडी ९॥ मण. तिने शाळेत पाठ केलेल्या कोष्टकाप्रमाणे खंडीचे २० मण धरले, मण इंटरनेटवर सापडतो तसा ३७.३२४२ किलोचा धरला आणि गुणाकार केला. जळगावहून निघाले १,२१३ किलो, मुंबईत विकले गेले २,५९४ किलो.

"अगं, पणजोबांनी मापात पाप केलं की काय?" तिने मला विचारलं. पाप कुणीच केलेलं नव्हतं. त्या दोन पानांवरचे मण वेगळे होते, आणि खंडीसुद्धा तिला वाटली ती नव्हती.

हा घोटाळा माझ्याकडे इतक्यांदा आला आहे की लक्षणावरूनच ओळखू येतो. मुंबईशी किंवा कोकणाशी व्यवहार असलेली वही, एकोणिसाव्या शतकातली, आणि किलोत केलेला आकडा खऱ्याच्या साधारण तिप्पट. कधी तिप्पट, तर खंडीही चुकली असेल तर सव्वादोन पट. मैत्रिणीचं तेच झालं होतं. दोन चुका उलटसुलट दिशेने झाल्या की त्या एकमेकींना थोड्या झाकतात आणि मग नेमकं काय बिघडलं ते हाती लागत नाही.

३७.३२४२ हा आकडा कुठून आला

तो खोटा नाही, फक्त सगळीकडे चालणारा नाही. १८३३ साली कंपनी सरकारने बंगालकडे वजनं बांधून दिली: १८० ग्रेनचा तोळा, ८० तोळ्यांचा शेर, ४० शेरांचा मण. हिशोब केला तर हा मण बरोबर १०० ट्रॉय पौंडांचा, म्हणजे रोजच्या वापरातल्या पौंडांत ८२ आणि वर दोन सप्तमांश. रेल्वेने पुढे मालवाहतुकीला हाच मण वापरला, म्हणून व्यापारी त्याला रेल्वे मण म्हणू लागले. १९५६ च्या वजनमापांच्या कायद्यात जुन्या मापांचं मेट्रिकमध्ये रूपांतर द्यायची वेळ आली तेव्हा मण म्हणून याचीच नोंद झाली. त्यामुळे आज कुठलंही गणकयंत्र उघडा, मण टाकला की हाच आकडा पुढे येतो.

मुंबईचा मण मात्र २८ पौंडांचा होता, म्हणजे १२.७० किलो. त्याचेही शेर ४०च, पण शेर लहान. २८ पौंडांना ४० ने भागलं की शेर येतो साधारण ३१७ ग्रॅम, तोळ्यांत सव्वासत्तावीस. रेल्वेचा शेर ८० तोळ्यांचा, ९३३ ग्रॅम. दोन्हींचं नाव शेर, दोन्ही मणांत शेर चाळीस, आणि वस्तू जवळजवळ एकाला तीन. चाळीसचा आकडा जुळला म्हणून मण जुळला असं समजणं, इथेच बहुतेकांचा पाय घसरतो.

२८ पौंडच का, हेही समजून घेण्यासारखं आहे, कारण त्यावरून पुढची खंडी उलगडते. इंग्रजी हंड्रेडवेट ११२ पौंडांचं. त्याचा बरोबर चौथा भाग २८. मुंबईत माल जहाजावर चढताना हंड्रेडवेटात मोजला जाई, तेव्हा चार मण म्हणजे एक हंड्रेडवेट हा हिशोब तोंडी व्हायचा. सुपारी, खोबरं अशा साध्या मालाची खंडी २० मणांची, म्हणजे पाच हंड्रेडवेट, ५६० पौंड, २५४ किलो. रुईची खंडी मात्र २८ मणांची: सात हंड्रेडवेट, ७८४ पौंड, ३५५.६ किलो. अठ्ठावीस पौंडांचा मण आणि अठ्ठावीस मणांची खंडी, असा हा २८ दोनदा येतो. कागदावर उतरवताना हमखास एक २८ गळतो, तेव्हा दोन्ही स्वतंत्र लिहून ठेवावेत.

रुईची ही खंडी अजून जिवंत आहे. वर्तमानपत्रात कापसाच्या बाजाराची बातमी वाचली आणि त्यात भाव खंडीला दिला असेल, तर ती खंडी ३५६ किलोची असते. १८८१ च्या पट्टीतलीच.

वहीलाच विचारायचं

कुठला मण आणि कुठली खंडी, हे बाहेरच्या पुस्तकात शोधण्याआधी वहीतच पाहावं. कारकुनाने हिशोब केलेला असतो, आणि हिशोब करताना त्याने कुठलं कोष्टक वापरलं ते लपत नाही.

सगळ्यात सोपी खूण म्हणजे मणाच्या रकान्यातला सगळ्यात मोठा आकडा. खंडी २० मणांची असेल तर खंडीसमोरच्या मणाच्या घरात १९ च्या वर काही दिसायचंच नाही, कारण २० झाले की खंडीत एक वाढतो. मैत्रिणीच्या वहीत रुईच्या पानांवर आम्ही बोट फिरवत गेलो. चौथ्या पट्टीत "खंडी २ मण २३" सापडले. एवढ्यावरच २० ची खंडी बाद झाली. शेरांचंही तसंच पाहिलं: ३६, ३८, ३९ दिसले, ४० कुठेच नाही. म्हणजे मण ४० शेरांचा.

त्यानंतर बेरजा पाहायच्या. एका पट्टीत दोन तोल होते, मण १७ आणि मण १९॥. खाली बेरीज लिहिली होती खंडी १ मण ८॥. सतरा आणि साडेएकोणीस साडेछत्तीस झाले, त्यातून एक खंडी काढून साडेआठ उरले, म्हणजे खंडी २८ ची. याच वहीत मागे सुपारीचं पान होतं, तिथे मण १८ आणि मण १४ यांची बेरीज खंडी १ मण १२ अशी होती. तिथली खंडी २० ची. एकच वही, एकच हात, एकच शाई, आणि माल बदलला तशी खंडी बदलली. म्हणून वहीच्या पहिल्या पानावरून कोष्टक ठरवून ते शेवटपर्यंत लावत जाऊ नये. प्रत्येक मालाचं पान वेगळं तपासावं.

हे करताना पाव, अर्धा आणि पाऊण या खुणांकडे डोळ्यांत तेल घालून बघायला हवं. ९। म्हणजे सव्वानऊ, ९॥ म्हणजे साडेनऊ, ९॥। म्हणजे पावणेदहा. मोडीतून देवनागरीत आणि तिथून संगणकावर उतरवताना या उभ्या रेघांचे एक झालेले मी पाहिले आहेत: ९॥ चे ९११. मणाच्या घरात एकदम शंभराच्या वरचा आकडा दिसला आणि शेवटी ११ असेल, तर आधी मूळ पान उघडावं. आणि ९॥ मण म्हणजे ९ मण २० शेर, ९ मण ५ शेर नव्हे. दशांशाची सवय लागलेल्या डोळ्यांकडून हीही चूक होते.

पैशाचा रकाना खोटं बोलत नाही

बेरजा नसतील, एखादाच तोल असेल, तर रुपयांकडे वळावं. पट्टीत भाव असतो आणि एकूण रक्कमही असते. या दोहोंच्या मध्ये वजन अडकलेलं असतं.

आमच्या पट्टीत भाव होता खंडीला २१० रुपये, वजन ३ खंडी ९॥ मण, आणि खर्च वजा होण्याआधीची रक्कम ७०१।. खंडी २८ मणांची धरली तर मणाला पडले साडेसात रुपये. तीन खंडींचे ८४ मण, त्यात साडेनऊ मिळवले की साडेत्र्याण्णव. साडेत्र्याण्णव गुणिले साडेसात म्हणजे ७०१ रुपये ४ आणे. रुपयांतही पावाची खूण तीच, म्हणून ७०१। म्हणजे सातशे एक रुपये चार आणे. आणा न आणा जुळला.

खंडी २० ची धरली असती तर मणाला साडेदहा रुपये आणि माल साडेएकोणसत्तर मण, म्हणजे रक्कम ७२९ रुपये १२ आणे. आडत्याने २८ रुपये ८ आणे कमी दिले असा निष्कर्ष निघाला असता. अशा फरकावरून कुणावर आळ घेण्याआधी खंडी बदलून पाहावी.

एक काळजी घ्यायची. पट्टीत आडत, हमाली, तोलाई, धर्मादाय असे खर्च खाली वजा होतात आणि शेवटी निव्वळ रक्कम येते. ताळा करायचा तो वरच्या रकमेवर. निव्वळ रकमेवर केला तर कुठलीच खंडी जुळणार नाही. आणि वजनाच्या ओळीतच कडता म्हणून काही शेर वजा केलेले असतील, तर भाव कडता गेल्यानंतरच्या वजनाला लागलेला असतो.

खंडी कळली, पण मण केवढा?

इथपर्यंत आपल्याला कळतं ते फक्त प्रमाण: खंडीचे मण किती, मणाचे शेर किती. मण किती किलोचा हे प्रमाणावरून कळत नाही. मद्रासची खंडीही २० मणांची होती, पण तिथला मण २५ पौंडांचा, ११.३४ किलोचा. बेरजांत मुंबईची सुपारी आणि मद्रासची सुपारी एकसारखीच दिसेल.

मणाचा आकार ठरवायला वहीत अशी एखादी वस्तू हवी जिचं वजन दुसऱ्या रस्त्याने माहीत आहे. रुईच्या बाबतीत ती म्हणजे दाबलेली गाठ. मुंबई बाजारची दाबाची गाठ साडेतीन हंड्रेडवेटच्या आसपास असे, म्हणजे ३९२ पौंड, सुमारे १७८ किलो. बरोबर अर्धी खंडी. दहावीस किलो इकडेतिकडे चालतील, पण दुप्पट किंवा अर्धं नाही.

आता साडेत्र्याण्णव मणांना सात गाठींनी भागू. गाठीला साधारण १३ मण १४ शेर पडतात. मण मुंबईचा असेल तर गाठ होते १७० किलोची, जिथे असायला हवी तिथेच. मण रेल्वेचा असेल तर गाठ ४९८ किलोची होते, आणि अशी गाठ पाठीवर घेऊन गोदामात चढणारा हमाल जन्मलेला नाही. मैत्रिणीच्या पहिल्या हिशोबात गाठ ३७० किलोची पडली होती. तेव्हाच गाठींनी भागलं असतं तर चूक लगेच कळली असती.

यात एक सापळा आहे. मण मुंबईचा धरला पण खंडी २० चीच ठेवली, तर एकूण ८८३ किलो येतात आणि गाठ १२६ किलोची. हे काही अशक्य वाटत नाही. सैल बांधलेली असेल, लहान असेल, असं म्हणून माणूस पुढे जातो. म्हणून फक्त गाठीवर विसंबू नये. आधी बेरजा आणि पैसे यांवरून खंडी पक्की करावी, मगच गाठीवरून मण ठरवावा.

आमच्या वहीत आणखी एक पुरावा होता, आणि मला तोच सगळ्यात आवडला: ज्या पानावरून गोंधळ सुरू झाला तेच रवानगीचं पान. तिथला मण रेल्वेचा. ३२ मण २० शेर म्हणजे साडेबत्तीस गुणिले ३७.३२४२, १,२१३ किलो. पट्टीतले साडेत्र्याण्णव मण मुंबईचे, गुणिले १२.७००६, १,१८७ किलो. फरक २६ किलोंचा, सात गाठींत वाटला तर गाठीला पावणेचार किलोंहून थोडा कमी. रेल्वेने गाठ तोलली ती तागाच्या कापडासकट आणि बांधणीसकट, मुंबईत भाव झाला तो नुसत्या रुईचा. हा फरक म्हणजे बारदान. बत्तीस आणि त्र्याण्णव हे दोन आकडे एकमेकांशी भांडत नव्हते, ते एकमेकांची साक्ष देत होते. मैत्रिणीने तो पावणेचार किलोंचा आकडा दोनदा करून पाहिला, मग वही मिटून थोडा वेळ नुसती मांडीवर धरून बसली.

एकदा मण आणि खंडी ठरली की बाकीची पानं भराभर होतात. स्प्रेडशीटमध्ये खंडी, मण आणि शेर यांना तीन वेगळे रकाने ठेवावेत (`A`, `B`, `C`), आणि रुईच्या ओळींना हे सूत्र द्यावं:

```
=(A2*28+B2+C2/40)*12.7006
```

सुपारीच्या किंवा खोबऱ्याच्या ओळींना २८ च्या जागी २०. रेल्वेच्या ओळींत खंडी नसतेच, तिथे:

```
=(B2+C2/40)*37.3242
```

उत्तर आलं की किलोचे अपूर्णांक काढून टाकावेत. तराजू पाव मणाच्या, फार तर शेराच्या अचूकतेने वाचलेला आहे. १,१८७.५०६ किलो असं लिहिलं तर आपण त्या तराजूपेक्षा जास्त पाहिल्याचा भास होतो.

ही पद्धत जिथे अडते

धान्याच्या पानावर थांबा. भात, बाजरी, जोंधळे यांच्यापुढे मण दिसला तर तो बऱ्याचदा तोललेला नसतोच, मापलेला असतो. त्या मणाखाली शेर-छटाक नसून पायली, अधोली, शेर, मापटं, चिपटं येतात. वहीत "कैली" असा शब्द असेल तर शंकाच नको, तो मापाचा हिशोब. चार शेरांची पायली, आणि मण कुठे बारा पायल्यांचा, कुठे सोळा. हे आकारमान आहे, वजन नाही. तीच पायली भाताने भरली तर वेगळी भरते, बाजरीने भरली तर वेगळी, त्यातून शीग लावून भरली की हात फिरवून, यावरही ठरतं. अशा ओळी किलोत करूच नयेत. पायल्यांतच ठेवाव्यात आणि शेजारी "कैली" लिहावं. तरीही किलो हवेच असतील तर त्या गावची जुनी पायली मिळवून, तेच धान्य भरून, तोलून पाहावं लागतं.

वही सुरतेची असेल तर तिथला मण ३७ पौंडांच्या थोडा वर, साधारण १६.९ किलोचा, आणि मालागणिक मणाचे शेरही बदलत. तिथे शेरांच्या रकान्यातला मोठ्यात मोठा आकडा पाहणं जास्तच महत्त्वाचं: ४१ किंवा ४३ दिसले तर ती लिहिणाऱ्याची चूक नव्हे. कलकत्त्याच्या जुन्या व्यवहारांत बाजार मणाशेजारी फॅक्टरी मण येतो, तो ७४ पौंड आणि वर दोन तृतीयांश, ३३.९ किलो. मुघलकाळात शेर दाम या तांब्याच्या नाण्याच्या वजनात सांगितला जातो, आणि अकबराच्या ३० दामांच्या शेरापासून शाहजहानच्या ४० दामांच्या शेरापर्यंत मण तिसऱ्या हिश्श्याने वाढला. "मण" एवढाच शब्द घेऊन या सगळ्यांना एका आकड्याने गुणता येत नाही.

आणखी एक मण आपल्या रोजच्या बोलण्यातला आहे, ४० किलोचा. गुजरातच्या बाजारात तो २० किलोचा. हे दोन्ही मेट्रिक मापं आल्यानंतर सोयीसाठी गोल केलेले. आजोबांनी "एवढे मण पिकायचं" म्हणून सांगितलेली गोष्ट यात बसेल, १८८१ ची पट्टी बसणार नाही.

भावही नाही, बेरीजही नाही, गाठींची संख्याही नाही, अशी सुटी ओळ आली तर तिच्याच वहीतली त्याच मालाची आणि शक्यतो त्याच आडत्याची दुसरी पट्टी शोधावी आणि तिचं कोष्टक वापरावं. मात्र ते उसनं आहे हे लिहून ठेवावं. आमच्या वहीत अशा अकरा ओळी निघाल्या. मैत्रिणीने प्रत्येक ओळीपुढे मूळ आकडा जसाच्या तसा ठेवला, शेजारी किलो, आणि त्यापुढे लहान अक्षरांत: "खं. २८ म., म. २८ पौं., पान ४१ वरून."